गोठ्याचं माप खड्ड्यापासून धरा

*दादा, नमस्कार. आम्ही मोहोळ तालुक्यातले. चार संकरित गाई, एक पंढरपुरी म्हैस आणि एक कालवड आहे. आजवर जनावरं लिंबाखाली नाहीतर छपरात बांधत आलो. जमीन काळी. गेल्या परतीच्या पावसात सगळा चिखल झाला, एका गाईला दगडी झाली आणि तिचा एक सड गेला. आता रोजगार हमीतून गोठ्याचं प्रकरण मंजूर झालंय. गवंडी म्हणतो, जमीन लेव्हलमध्ये गुळगुळीत घोटून देतो, तिन्ही बाजूंनी भिंती घेऊ आणि आठ फुटांवर पत्रा टाकू. उतार नेमका किती ठेवायचा आणि गवंड्याला तो सांगायचा कसा? जागा घराच्या पूर्वेला आहे, विहीर घराच्या पश्चिमेला.*
*— एक शेतकरी भगिनी, मोहोळ तालुका*

ताई, नमस्कार.

गवंड्याला बोलावण्याआधी एक काम तुम्ही स्वतः करा. एक खुंटी घ्या आणि जागेच्या पूर्वेकडच्या टोकाला ठोका. गोठ्यातलं मूत आणि धुण्याचं पाणी शेवटी जिथं जाऊन पडणार, ती ही जागा. पूर्वेलाच का, तर आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. घर पश्चिमेला असल्यामुळे वास आणि माश्या घरावर येणार नाहीत. विहीरही त्याच बाजूला आहे. तरी खड्डा विहिरीपासून शंभर फुटांच्या आत येत नाही ना, हे पावलं टाकून एकदा बघून घ्या.

गोठ्याची सगळी मापं या खुंटीपासून मागं मोजत यायची. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. आधी जोतं उठतं, मग कोबा होतो, पत्रा चढतो, आणि जनावरं बांधल्यावर मुताला वाट काढायची आठवण होते. तोवर नालीचं तोंड बाहेरच्या जमिनीच्याही खाली गेलेलं असतं. मग पावसाळ्यात पाणी बाहेर जायचं सोडून आत येतं. तुमच्या गाईचा सड गेला त्याचं मूळ इथंच आहे. दगडीचे जंतू ओल्या शेणात आणि चिखलात वाढतात. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं असतं, आणि नेमकी त्याच वेळी गाय त्या ओलीत बसते. गोठा कोरडा राहिला की निम्मं काम झालं.

आता जागेची आखणी. तुमचं प्रकरण दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याचं असणार. २०२१ च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत या गोठ्याचं माप ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद असं धरलेलं आहे, म्हणजे साधारण २५ फूट बाय साडेअकरा फूट. सहा जनावरांना प्रत्येकी चार फूट धरले तर २४ फूट होतात, म्हणजे लांबी बरोबर बसते. रुंदीत काटकसर करावी लागते, पण तीही बसते. गव्हाण अडीच फूट, जनावर उभं राहायची जागा साडेपाच फूट, नाली एक फूट आणि मागं चालायला अडीच फूट, झाले साडेअकरा. वैरण टाकायची वाट आत धरू नका. ती गव्हाणीच्या बाहेर, वळचणीखाली ठेवा.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि जनावरांची तोंडं उत्तरेला. म्हणजे गव्हाण उत्तरेच्या सावलीत येते, आणि शेपट्या व नाली दक्षिणेला. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, स्वतःची सावली पायाखाली सापडते. तेव्हा दक्षिणेकडून ऊन आत येत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारचं ऊन वळचणीखालून तिरपं आत शिरतं. पुढं पत्र्याची जी उंची सांगणार आहे, ती ठेवली तर हे ऊन मागची वाट आणि नाली ओलांडून जनावराच्या मागच्या पायांखाली दीड-पावणेदोन फूट पोचतं. जिथं मूत पडतं, जिथं कास टेकते, नेमकी तीच जागा वाळते. फुकटचं औषध आहे हे, ते भिंतीआड घालवू नका.

आता उताराकडे येतो. गवंड्याशी टक्केवारीत किंवा मीटरमध्ये बोलू नका, सुतात बोला. इंचाचे आठ सूत, हे त्याला पाठ असतं. जनावर उभं राहतं त्या जागेला गव्हाणीकडून नालीकडे फुटाला दोन सूत ढाळ. साडेपाच फुटांचे अकरा सूत, म्हणजे दीड इंचाला एक सूत कमी. मागच्या वाटेलाही नालीकडेच फुटाला दोन सूत. नालीला मात्र तिच्या लांबीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे, फुटाला एक सूत. २५ फुटांचे २५ सूत, म्हणजे तीन इंच आणि वर एक सूत. आणि नाली गोठ्याबाहेर पडली की खड्ड्यापर्यंत पुन्हा फुटाला दोन सूत. एवढं वहीत लिहा आणि गवंड्याकडून वाचून घ्या.

जास्त उतार दिला तर पाणी आणखी लवकर जाईल, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या पहिल्या गोठ्यात मी साडेपाच फुटांत चार इंच ढाळ दिला. फरशी चकाचक राहायची, बघणारे कौतुक करायचे. सातव्या-आठव्या महिन्याची गाभण गाय त्या उतारावर बसली की पोटाचा सगळा भार मागं यायचा. एक दिवस पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर बसलेल्या गाईचं अंग बाहेर आलेलं, लालभडक, आणि त्याला शेण लागलेलं. डॉक्टरांनी ते धुऊन आत बसवलं आणि जाताना गाईकडे बघायचं सोडून फरशीकडे बघत म्हणाले, हा उतार मोडा. पुढच्या दोन महिन्यांत तसं आणखी दोनदा झालं. शेवटी मी तिला सपाट मुरमावर बांधलं, तेव्हा कुठं थांबलं. जास्त उतारावर जनावर मागच्या पायांवर ताण देऊन उभं राहतं, नीट बसत नाही, आणि बसलं नाही की रवंथ कमी, दूध कमी. म्हणून दोन सूत म्हणजे दोनच सूत. तीन झाले तर चालवून घ्या, चारला काम थांबवा.

नालीच्या बाबतीत गवंडी हमखास एक चूक करतो. तो नाली सगळीकडे सारख्याच खोलीची करतो, कारण तशी ती दिसायला सुबक असते. पण तुमच्या फरशीची मागची कड पूर्व-पश्चिम लेव्हलमध्ये आहे. तिच्या शेजारी नाली सारख्या खोलीची केली तर नालीही लेव्हलमध्येच आली, मग मूत वाहणार कसं? नाली पश्चिमेच्या टोकाला दोन इंच खोल सुरू झाली पाहिजे आणि पूर्वेच्या टोकाला पाच इंचांवर संपली पाहिजे. तळ घमेल्यासारखा गोल घ्या आणि वरच्या कडा बोथट करा. कोपरा ठेवला की शेण अडकतं, आणि धारदार कड राहिली की जनावराचा खूर सोलतो.

आता खुंटीपासूनचा हिशोब मांडू. जोतं, म्हणजे जनावराच्या मागच्या पायांखालची फरशी, बाहेरच्या जमिनीपासून दीड फूट म्हणजे १८ इंच वर घेतली असं धरा. नालीचा तळ पूर्वेच्या टोकाला पाच इंच खाली, म्हणजे उरले १३. तिथून खड्डा वीस फुटांवर असेल तर फुटाला दोन सुतांनी चाळीस सूत, म्हणजे आणखी पाच इंच खाली. उरले आठ. म्हणजे पाणी खड्ड्यात पडतं तेव्हा ते जमिनीच्या आठ इंच वर असतं. खड्ड्याची कडाही तेवढी वर बांधता येते आणि शेतातलं पावसाचं पाणी आत शिरत नाही. हाच हिशोब सहा इंचांच्या जोत्यावर करून बघा. सहातून पाच गेले, एक राहिला, त्यातून पाच गेले की पाणी जमिनीच्या चार इंच खाली. हस्ताच्या एका पावसात खड्डा भरला की ते पाणी नालीतून उलटं गाईच्या पायाशी येणार. पैसे वाचवायला जोतं कमी करू नका, वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत.

वीस फुटांच्या त्या वाटेत चार इंची पाइप पुरून टाकायचा मोह होईल. नको. शेण आणि वैरणीची बुडखं पाइपच्या वाकणात बसतात आणि सळई घालत बसावं लागतं. उघडी नाली करा आणि तिच्यावर हाताने उचलता येतील अशा शहाबादीच्या फरश्या नुसत्या ठेवून द्या. नाली जिथं गोठ्याबाहेर पडते तिथं एक फूट बाय एक फूट असा छोटा हौद घ्या. जड शेण तिथं खाली बसतं आणि रोज एक पाटी काढली की पुढची वाट मोकळी राहते.

खड्ड्यातली मूत्राची टाकी किती मोठी? योजनेच्या मापात मूत्र साठवायची टाकी २५० लिटरची आहे. मोठं जनावर दिवसाला दहा-पंधरा लिटर मुततं. तुमची पाच मोठी आणि एक कालवड मिळून साठ-सत्तर लिटर धरा. नुसतं मूतच साठवायचं तर अडीचशे लिटरला साडेतीन दिवस लागतात. पण रोज पाइप लावून गोठा धुतलात तर टाकी एका दिवसात भरून वाहील. आपल्याकडे एवढं पाणी तरी कुठं आहे? म्हणून आधी शेण फावड्याने कोरडं ओढून उकिरड्यावर न्यायचं, मग दोन-तीन बादल्यांत नाली धुवायची. जमलं तर पदरचे पैसे घालून टाकी हजार लिटरची करा. त्यातलं पाणी निम्म्याला निम्मं साधं पाणी मिसळून नेपियरला किंवा कडवळाला पाटातून सोडता येतं. नुसतं सोडू नका, कोवळं पीक पिवळं पडून करपतं.

दगडी झालेली गाय पूर्वेच्या टोकाला, नाली संपते तिथं बांधा. तिच्याखालचं पाणी मग दुसऱ्या कुठल्या जनावराच्या मागून वाहत जात नाही.

हा सगळा ढाळ टिकणार की नाही हे मात्र खालच्या मातीवर आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस झाला की फुगून वर उठते. तिच्यावर थेट कोबा केला तर पहिल्या पावसाळ्यातच तो कुठं उचलला जातो, कुठं बसतो. अकरा सुतांचा ढाळ असतो, त्यात एक इंच फुगवटा आला की काय उरलं? म्हणून गोठ्याच्या जागेतली काळी माती दीड-दोन फूट काढून टाका. मधे मुरूम लागला तर तिथंच थांबा. मग मुरूम भरा, पण एकदम ट्रॉल्या ओतून नाही. सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस, मग दुसरा थर. धुम्मस केलेल्या थरावर टाचेने जोरात दाबून बघा. टाच रुतली तर थर बसलेला नाही. भराव संक्रांतीच्या आसपास करून ठेवा आणि काँक्रीट फेब्रुवारीत घ्या. मे महिन्यात काँक्रीट टाकलं तर आपल्या उन्हात पाणी मारायच्या आत ते वाळतं आणि वरची साय सुटते. कधीही टाकलं तरी दोन आठवडे ओलं पोतं किंवा पाचट अंथरून पाणी मारत राहा.

ढाळ मुरमालाच द्यायचा, काँक्रीटला नाही. गवंडी मुरूम सपाट करतो आणि काँक्रीट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ टाकून उतार काढतो. पातळ बाजू नालीजवळ येते, आणि तिथंच जनावराचा सगळा भार असतो. वर्षभरात तिथं तुकडे निघतात. मुरूम ढाळात बसला की काँक्रीट सगळीकडे सारखं चार इंच जाड पडतं. प्रमाण एकाला दोन वाळू, चार खडी.

मुरमाचा ढाळ तपासायला पारदर्शक नळी घ्या, तीस फुटांची, पाणी भरलेली, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक गव्हाणीच्या भिंतीशी, दुसरं नालीच्या कडेशी धरा. दोन्हीकडे पाणी स्थिरावलं की खुंटीवर खडूने खूण करा आणि खुणेपासून खालच्या मुरमापर्यंत टेपने मोजा. नालीकडचं माप अकरा सुतांनी जास्त भरलं पाहिजे. असं तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मधे. मधलं माप बहुतेक वेळा चुकलेलं निघतं, कारण दोरी मधे झोळ खाते. तुमच्या हातात नळी बघितली की गवंडीही जपून काम करतो, हा माझा अनुभव आहे.

घोटाई अजिबात नको. घोटलेल्या फरशीवर शेणाचा पातळ थर बसला की साबण लावल्यासारखं होतं. गाय माजावर आली, दुसरीवर चढली आणि पाय फाकले की पुट्ठ्यातून जायबंदी होते, पुन्हा उभी राहत नाही. काँक्रीट ओलं असतानाच खराट्याने ओरखडे काढा आणि अर्ध्या इंचाची सळई आडवी ठेवून दाबून खाचा पाडा. अंतर तीन-चार इंच, आणि खाचा तिरप्या, दोन्ही दिशांनी, शंकरपाळ्याच्या चौकडीसारख्या. नुसत्या उताराच्या दिशेने पाडल्या तर पाणी छान वाहतं, पण खूरही त्याच दिशेने घसरतो. शहाबादी फरशी आपल्याकडे स्वस्त पडते म्हणून बरेच जण तीच बसवतात. ती दोन-तीन वर्षांत खुरांनी गुळगुळीत होते, आणि सांध्यांतून मूत खाली मुरून फरश्या हलायला लागतात. घराच्या पडवीला चांगली, गोठ्याला नको.

गव्हाणीचं थोडक्यात. तळ जनावराच्या फरशीपेक्षा चार-सहा इंच वर, आतून गोल, आणि एका टोकाला पाणी काढायला बूच. जनावराच्या बाजूची भिंत वीस इंचांहून उंच नको, नाहीतर खाताना गळा घासतो.

आता छप्पर. आठ फुटांवरचा साधा पत्रा एप्रिल-मे मध्ये तव्यासारखा तापतो आणि ती धग थेट पाठीवर उतरते. तुमच्या संकरित गाईंना तिशीच्या वर गेलं की धाप लागायला लागते, आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. गोठा फक्त साडेअकरा फूट रुंद असल्यामुळे तुम्हाला दोन पाखी छप्पर करायची गरजच नाही. एकपाखी करा. फरशीपासून उत्तरेला बारा फूट, दक्षिणेला साडेनऊ फूट. गरम हवा पत्र्याच्या खालून चढावाने सरकत उत्तरेच्या उंच कडेने बाहेर पडते, आणि तिच्या जागी खालून, दक्षिणेकडून, ताजी हवा येते. आढ्याला फट ठेवा, तिच्यावर टोपी बसवा, ही सगळी उठाठेव वाचते. पावसाची झड नैर्ऋत्येकडून आली तरी ती बुटक्या बाजूला आपटते. दोन्हीकडे वळचण अडीच फूट बाहेर काढा.

पत्रा लोखंडी घ्यायचा की सिमेंटचा? सिमेंटचा कमी तापतो, हे खरं आहे. पण फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आपल्या जिल्ह्याने बघितली आहे, आणि सिमेंटचा पत्रा गारांनी फुटतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस असतं, कापताना-भोकं पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. मी लोखंडी पत्राच घेईन, आणि वरून दरवर्षी होळीच्या सुमाराला चुन्याचे दोन हात देईन. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घातला की तो वळवाच्या पहिल्या सरीत धुऊन जात नाही. त्यावर मार्च ते मे उसाच्या पाचटाचा चार-सहा इंच थर बांधला तर खाली बसणाऱ्याला फरक लगेच कळतो. पाऊस लागायच्या आत मात्र ते उतरवायचं, नाहीतर खाली ओल धरून पत्रा गंजतो. आणि पाचट वर असताना जवळ चूल, बंब, वेल्डिंग काही नको. उघड्या गोठ्याचा पत्रा वळवाच्या वादळात खालून हवा भरून उडतो, तेव्हा खांब दोन फूट खोल काँक्रीटमध्ये घ्या आणि पत्रा नुसत्या खिळ्यांनी न ठोकता हुक-बोल्टने अँगलला आवळा.

तिन्ही बाजूंच्या भिंतींचा खर्च वाचवा. वाचलेल्या पैशात तुमचं जोतं आणि मुरूम निघेल. उत्तर आणि दक्षिण पूर्ण मोकळी ठेवा, दक्षिणेला जनावर अडवायला आडवे दोन पाइप पुरे. भिंत फक्त पश्चिमेला, चार फूट उंच, आणि तिच्यावर छपरापर्यंत हिरवी शेडनेट, कारण दुपारी तीननंतरचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही तिकडून येतात. जनावराला सोलापूरच्या थंडीची भीती नाही. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या कडक थंडीच्या रात्री नवजात वासराला आडोसा म्हणून उत्तरेला पोत्याचा पडदा सोडा, सकाळी गुंडाळून ठेवा. हवा खेळते का, हे बघायचं असेल तर पहाटे, गोठा झाडायच्या आधी आत जा आणि बसलेल्या गाईच्या तोंडाजवळ खाली बसा. उभ्याने कळत नाही. तिथं डोळे चुरचुरले, नाकाला मुताचा झणका लागला, तर हवा अडकली आहे. उदबत्ती लावून धूर कुठं जातो तेही बघता येतं. धूर पत्र्याखाली घुटमळत राहिला तर शेडनेट थोडी खाली सोडून वर फट करा.

एक गोष्ट राहिली, आणि ती नाही केली तर वरचं सगळं वाया. छपराचं पाणी आणि गोठ्याचं पाणी एकत्र येऊ देऊ नका. वळचणीसकट तुमचं छप्पर साधारण २९ फूट बाय साडेसोळा फूट होईल, म्हणजे ४४ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. परतीच्या पावसात एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पडला तर दोन हजार दोनशे लिटर पाणी त्या पत्र्यावरून खाली येतं, आणि एकपाखी छप्पर असल्यामुळे सगळं एकाच, दक्षिणेच्या कडेने. म्हणजे तुमच्या नालीच्या बाजूला. ते मूत्रटाकीत गेलं तर टाकी फुटून वाहील आणि जोत्याच्या कडेला पडत राहिलं तर काळी माती फुगून मागची वाट उचलेल. म्हणून दक्षिणेच्या वळचणीला पत्र्याची पन्हळ लावा आणि पाणी पश्चिमेकडे, मूत्राच्या उलट दिशेला न्या. तिथं टाकी ठेवली तर जनावरांना पाजायला कामी येईल, नाहीतर लिंबाच्या आळ्यात सोडा. जोत्याभोवती तीन फूट मुरमाची पट्टी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि शेताच्या चढाच्या बाजूने फूटभर खोल चर, म्हणजे रानातलं पाणी गोठ्यापर्यंत पोचायच्या आधीच वळतं. दिवसा जनावरं मोकळी सोडायला पूर्वेला-दक्षिणेला कुंपण घालणार असाल तर त्या अंगणाचा मुरूमही गोठ्यापासून लांब उतरता पसरा.

गवंड्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी पाण्याची बादली घ्या. पश्चिमेच्या टोकाला गव्हाणीच्या पायाशी उभ्या राहा आणि ती हळूहळू ओता. पाणी गव्हाणीच्या बाजूला रेंगाळलं नाही पाहिजे, नालीत उतरलं पाहिजे, आणि नालीतून तुमच्याआधी पूर्वेच्या टोकाला पोचलं पाहिजे. मग पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, आणि परत येऊन वाकून बघा. फरशीत कुठं डबकं दिसलं तर त्याच्याभोवती खडूने रेघ मारा. दोन रुपयांचं नाणं बुडेल एवढं पाणी असेल तर ती जागा टाचून, सिमेंटचं पाणी शिंपडून नव्याने भरून घ्यायची. नुसता वरून मुलामा लावून देतो म्हणाला तर ऐकू नका, तो पोपडा महिन्यात निघतो. जनावरं आत बांधायची ती बादली सरळ गेल्यावर.